गोल घुमटाची टंकी: पाणी किती मावतं आणि रंग किती लागतो?

खजिनदार_इंदूर

नमस्कार मंडळी,

आमची राजेंद्र नगरच्या बाजूला बारा बैठ्या घरांची जुनी वसाहत आहे. मागच्या बाजूला पुरुषभर उंच चौथऱ्यावर सिमेंटची टंकी आहे. (पुणेकरांनी 'टाकी' वाचावं, आम्हाला या वयात जीभ वळवता येत नाही.) खाली सरळ गोल भिंत आणि वर अर्धा चेंडू उपडा घातल्यासारखा घुमट. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे टंकीत नक्की किती मावतं यावर दर उन्हाळ्यात भांडण होतं. त्यात यंदा रंगाचं काम काढायचं आहे.

मी रविवारी टेप घेऊन मापं घेतली. बाहेरून वेढा १० मीटर १८ सेंमी, म्हणजे व्यास ३.२४ आणि त्रिज्या १.६२ मीटर. चौथऱ्यापासून घुमटाच्या टोकापर्यंत उंची ४.०२ मीटर. मग वृत्तचितीचं घनफळ अधिक अर्धगोलाचं घनफळ असं केलं: ३३.१ अधिक ८.९, एकूण ४२ घनमीटर. म्हणजे ४२ हजार लिटर. पुतण्याने तेच गणित केलं आणि त्याला २८ हजार ७०० आले. वॉचमन म्हणतो, "पंद्रह हजार की है साब, शुरू से."

रंगाचं क्षेत्रफळ दहावीतल्या मुलीने काढून दिलं, ४९.१६ चौरस मीटर, म्हणजे ५२९ चौरस फूट. ठेकेदाराला आकडा सांगितला तर तो लगेच "बराबर है" म्हणाला. तो इतक्या लगेच हो म्हणाला, तेव्हाच मला शंका आली. दर २२ रुपये फूट आहे.

कोणाचं बरोबर?

---

शेव_जलेबी

भाऊ, एवढं कशाला? घुमट म्हणजे साधारण अर्धाच. सरळ भागाची उंची घ्या, घुमटाच्या उंचीचा अर्धा त्यात मिळवा आणि मग साध्या डब्यासारखं गणित करा. रंगालाही तेच, पाण्यालाही तेच. आमच्या सियागंजच्या दुकानात याच हिशोबाने माल देतो, आजवर कोणी परत आलं नाही.

---

सिव्हिलकाका

(निवृत्त. टाक्या बांधल्या आहेत, पाडल्याही आहेत.)

खजिनदार, तुमची चूक पुतण्याने पकडली आहे. ४.०२ ही घुमटासकट उंची आहे. घुमट अर्धगोल असेल तर त्यातले १.६२ घुमटाचे, भिंत उरली २.४० मीटर. तुम्ही भिंत घुमटाच्या टोकापर्यंत नेलीत आणि वर आणखी एक घुमट बसवलात. पायाचं क्षेत्रफळ ८.२४५ चौरस मीटर, गुणिले २.४०, झाले १९.७९. त्यात ८.९० मिळवले की २८.६९. पुतण्याचा आकडा हाच.

पण पुतण्याने काँक्रीटही पाण्यात मोजलं आहे. तुमचा वेढा बाहेरचा आहे. भिंत किती जाड आहे?

शेव_जलेबी, तुमची युक्ती चांगली आहे, फक्त 'अर्धा' दोन्हीकडे चुकीचा आहे. पाण्यासाठी घुमट त्याच्या उंचीच्या दोन तृतीयांश उंचीच्या डब्याइतका असतो आणि रंगासाठी पूर्ण उंचीच्या डब्याइतका. त्यामुळे खजिनदारांच्या रंगाचा हिशोब एका ओळीत होतो. वेढा गुणिले एकूण उंची, १०.१८ गुणिले ४.०२, बरोबर ४०.९ चौरस मीटर, म्हणजे ४४० चौरस फूट. सूत्र आठवायची गरज नाही.

---

शेव_जलेबी

काका, हे पटत नाही. घुमट वर निमुळता होत जातो, शेवटी तर एक ठिपका. त्याला तेवढाच रंग कसा लागेल जेवढा सरळ भिंतीला? मग पाण्यालाही पूर्ण उंची का नाही?

---

सिव्हिलकाका

शंका रास्त आहे. घुमटाच्या मध्यावर या, त्याच्या पायापासून ८१ सेंमी वर. तिथे घुमटाचा वेढा खालच्या वेढ्याच्या ८७ टक्केच आहे. आता तिथे एक सेंमी उंचीचा पट्टा रंगवायला घ्या. भिंत तिथे उभी नाही, कललेली आहे. म्हणून उंचीत एक सेंमी चढायला ब्रश पृष्ठावरून १.१५ सेंमी सरकतो. ०.८७ गुणिले १.१५ म्हणजे एक. वेढ्यात जेवढं गमावलं तेवढंच उतारात परत मिळालं. आणखी वर गेलात तर वेढा आणखी लहान होतो, पण भिंत त्याच प्रमाणात जास्त आडवी झालेली असते. टोकापर्यंत ही भरपाई तंतोतंत होत जाते.

पाण्याला ही भरपाई मिळत नाही. त्याच मध्यावर पाण्याचा आडवा थर ७५ टक्केच उरतो, कारण त्रिज्या दोनदा गुणली जाते. भिंत कललेली आहे का उभी, याचं पाण्याला काही नाही. असे सगळे थर मिळवले की दोन तृतीयांश.

---

वाचनवेडी_आजी

याचीच एक गंमत. भास्कराचार्यांच्या लीलावतीत चेंडूचं पृष्ठफळ असंच आहे. वर्तुळाचं क्षेत्रफळ म्हणजे परिघ गुणिले व्यासाचा चौथा भाग, त्याची चौपट केली की चेंडूवर विणलेल्या जाळीचं माप. म्हणजे शेवटी परिघ गुणिले व्यास. काकांचं 'वेढा गुणिले उंची' तेच की. माझे वडील ओसरीवर चेंडूला दोरा गुंडाळून हे दाखवायचे. तेव्हा मला फक्त चेंडू परत हवा असायचा.

---

खजिनदार_इंदूर

आजी, नमस्कार. काका, मग मुलीचे ५२९ कुठून आले? तिने पुस्तकातलंच सूत्र वापरलं. आत्ता ती रुसून बसली आहे.

---

मीनल_ब

माझा मुलगाही दहावीत आहे, मी सांगते. तिने अर्धगोलासाठी 3πr² घेतलं असणार. पुस्तकात 'एकूण पृष्ठफळ' म्हणून तेच असतं, पण त्यात अर्धगोलाची खालची सपाट चकतीही मोजलेली असते. टंकीत ती चकती म्हणजे भिंत आणि घुमट जिथे मिळतात ती पोकळ जागा. तिला रंग कोण लावणार? 2πr² घ्यायचं. वजा करून बघा, ४९.१६ वजा ४०.९२ बरोबर ८.२४. काकांनी वर दिलेलं पायाचं क्षेत्रफळ तेच आहे.

परीक्षेतही हीच जागा नडते. गणितात एकूण उंची देतात आणि त्यातून त्रिज्या वजा करायची असते. मुलं तिथेच घसरतात. (खजिनदारकाकाही घसरले, तेव्हा मुलीला रागावू नका.)

---

खजिनदार_इंदूर

रागावलो नाही, मीच चहा करून दिला. ८९ फूट गुणिले २२, म्हणजे १ हजार ९५८ रुपये मी स्वतःच्या तोंडाने ठेकेदाराला देऊन बसलो होतो.

भिंतीची जाडी: घुमटावरच्या झाकणाच्या तोंडाशी मोजली, १२ सेंमी. तळाचा स्लॅब चौथऱ्यावर १५ सेंमी आहे, असं जुन्या नकाशात आहे. घुमट आतूनही अर्धगोल धरला तर आतली त्रिज्या दीड मीटर आणि भिंतीची आतली उंची २.२५.

---

ग्वाल्हेरी_बाबा

आमच्या लष्करच्या वाड्यातही घुमटाची टंकी आहे, तिचं सांगतो. व्यास ३.२० मीटर, भिंतीची उंची २ मीटर. काकांच्या सूत्राने घुमट १६ चौरस मीटर यायला हवा होता. रंगाऱ्याने प्रत्यक्षात जेमतेम निम्मा रंग वापरला आणि घुमट पूर्ण झाला. एक तर सूत्र चूक, नाही तर रंगाऱ्याने पाणी घातलं.

---

सिव्हिलकाका

बाबा, घुमट भिंतीच्या कडेपासून किती उंच आहे?

---

ग्वाल्हेरी_बाबा

अंदाजे अर्धा मीटर. का?

---

सिव्हिलकाका

मग तो अर्धगोल नाहीच. अर्धगोलाची उंची त्रिज्येइतकी, तुमच्याकडे १.६० हवी. तुमची नुसती थाळी उपडी घातलेली आहे. बहुतेक सिमेंटच्या टाक्यांवर असाच बसका घुमट असतो, लोक त्याला सवयीने अर्धगोल म्हणतात.

बसक्या घुमटाला रंगाचं माप वेगळं. पायाच्या त्रिज्येचा वर्ग अधिक घुमटाच्या उंचीचा वर्ग, त्याला पायने गुणा. तुमचे २.५६ अधिक ०.२५, गुणिले ३.१४, म्हणजे ८.८ चौरस मीटर. सपाट झाकण असतं तरी ८ लागले असते. रंगारी प्रामाणिक निघाला. अशा घुमटात पाणीही जेमतेम २ हजार लिटर मावेल, अर्धगोलात साडेआठ हजार मावलं असतं. 'वेढा गुणिले उंची' इथे चालत नाही, कारण ही थाळी फार मोठ्या चेंडूचा तुकडा आहे आणि वेढा त्या मोठ्या चेंडूचा घ्यावा लागतो, भिंतीचा नाही.

खजिनदार, तुम्हीही तपासा. टेप घुमटाच्या पायापासून टोकावरून पलीकडच्या पायापर्यंत टाका. अर्धगोल असेल तर ते माप वेढ्याच्या बरोबर निम्मं येतं, तुमच्या बाबतीत ५.०९ मीटर. बाबांच्या टंकीवर अर्धगोलाला पाच मीटर हवे होते, तिथे ३.४० च्या आसपास येईल. टोकावर टेप घसरू देऊ नका, एका माणसाला झाकणापाशी बसवा.

---

खजिनदार_इंदूर

आज सकाळी टाकली. ५.०६ आली. चढताना पोहे हातात होते म्हणून मुकादमासारखा वरूनच ओरडत होतो, पण टेप नीट धरली होती.

---

सिव्हिलकाका

तीन सेंमी प्लास्टरचे सोडा. अर्धगोल आहे.

आता पाणी. आत त्रिज्या १.५० धरली तर पायाचं क्षेत्रफळ ७.०७ चौरस मीटर. भिंतीतलं पाणी २.२५ ने गुणून १५.९ घनमीटर. घुमटाची दोन तृतीयांश उंची म्हणजे नेमका एक मीटर, म्हणून आणखी ७.०७. काठोकाठ भरली तर २३ हजार लिटर.

पण ती काठोकाठ भरत नाही. ओव्हरफ्लोचा पाइप कुठे आहे?

---

खजिनदार_इंदूर

घुमट सुरू होतो त्याच्या १० सेंमी खाली. आणि घरांकडे जाणारा पाइप आतल्या तळापासून १५ सेंमी वर.

---

सिव्हिलकाका

मग झालं. घुमटात पाणी कधी जातच नाही, तिथे हवा असते. वर २.१५ वर पाणी बाहेर वाहतं, खाली १५ सेंमी गाळासाठी पडून राहतं. वापरायला मिळतात मधले दोन मीटर. ७.०७ गुणिले २, म्हणजे १४ हजार १०० लिटर. तुमच्या ४२ हजारांचा एक तृतीयांश. वॉचमनचा आकडा सगळ्यांत जवळ निघाला.

घरोघरी सांगायला सोपं: या टंकीत काठीवर एक सेंमी म्हणजे जवळजवळ ७१ लिटर. पाणी घुमटापर्यंत जातच नाही, त्यामुळे हा हिशोब तळापासून वरपर्यंत सारखाच लागतो.

---

मीनल_ब

मग घुमट बांधलाच कशाला?

---

सिव्हिलकाका

झाकण म्हणून. सपाट स्लॅबला वाकणं सहन करायला जाडी आणि सळई जास्त लागते, घुमट स्वतःचं वजन बहुतांशी दाबाने पेलतो. पाण्यासाठी नव्हे. पण आतून कोटिंगचं काम काढाल तेव्हा घुमटाची आतली बाजू सोडू नका. तिथे पाणी पोचत नाही, पण वाफ आणि क्लोरीन पोचतं आणि सळई आधी तिथेच गंजते. आतलं माप: आतला वेढा ९.४२ गुणिले ३.७५, अधिक तळ ७.०७, एकूण ४२.४ चौरस मीटर. आतली बाजू लहान असूनही बाहेरच्यापेक्षा जास्त भरते, कारण आत तळ आहे, बाहेर तो चौथऱ्यावर टेकलेला आहे.

---

शेव_जलेबी

काका मानलं. पण एक. मला π ३.१४ घ्यायचा की २२/७? पोरगा म्हणतो फरक पडतो.

---

मीनल_ब

या टंकीत चौदा हजारांत बारा-तेरा लिटरचा. तुमची काठी त्याहून जास्त चुकते.

---

खजिनदार_इंदूर

आता नवी गोची. काल नळाला पाणी आलं नाही म्हणून ५ हजार लिटरचा टँकर मागवला. काकांच्या हिशोबाने पातळी ७०.७ सेंमी वाढायला हवी. आधी कोरडी काठी घालून पाहिली, ओल ४० वर. टँकर रिकामा झाल्यावर १०४ वर. म्हणजे ६४ सेंमी, ४ हजार ५०० लिटर. टँकरवाल्याशी बोललो तर तो म्हणतो, "आपकी टंकी ही बड़ी होगी." कमिटीचे दोघे त्याला पैसे कापून द्यायच्या तयारीत आहेत.

---

शेव_जलेबी

कापा! टँकरवाले असेच.

---

सिव्हिलकाका

थांबा. टँकरवाला कदाचित बरोबर बोलतोय. जाडी झाकणाच्या तोंडाशी मोजलीत ना? तोंडाची कड मुद्दाम जाड करतात, झाकण बसावं आणि कड फुटू नये म्हणून. भिंत त्याहून पातळ असू शकते. जाळीवर सिमेंट थापून केलेल्या जुन्या टाक्यांची भिंत चार सेंमीचीही असते. तशी असेल तर आतली त्रिज्या १.५८, एका सेंमीला ७८ लिटर, आणि ६४ सेंमी म्हणजे बरोबर ५ हजार.

आणखी एक. टँकर रिकामा होत असताना घरांकडचा वॉल्व बंद होता का?

---

खजिनदार_इंदूर

...नव्हता. चाळीस मिनिटं लागली. आणि टँकर आला म्हटल्यावर बाराही घरांनी बादल्या लावल्या असणार, आमच्याही घरी लागल्या होत्या.

---

मीनल_ब

घरटी चाळीस लिटर धरलं तरी ४८० लिटर झाले. तुमची तूट तेवढीच आहे की!

---

सिव्हिलकाका

म्हणजे तीन कारणं आहेत आणि तिन्ही एकटी पुरतात. टँकर कमी, भिंत पातळ, किंवा बादल्या. एका मापावरून कोणाचे पैसे कापू नका.

स्वस्तातली चाचणी सांगतो. नळ आलेला नसताना घरांचा वॉल्व बंद करा आणि तळाच्या तोटीवरून २०० लिटरची पिंपं दहा वेळा भरा. पातळी २८ सेंमी उतरली तर भिंत १२ सेंमीची. साडेपंचवीस उतरली तर ४ सेंमीची. काढलेलं पाणी घरांना वाटून टाका म्हणजे शिव्या बसणार नाहीत. आणि टंकी धुताना माणूस आत उतरेल तेव्हा त्याच्याकडून आतला व्यास दोन दिशांनी मोजून घ्या. मात्र ब्लीचिंग पावडर टाकल्यावर लगेच कोणाला उतरवू नका, झाकण उघडं ठेवून आधी हवा खेळू द्या. बाहेर एक माणूस हवाच.

---

ग्वाल्हेरी_बाबा

आमच्या थाळीवर टेप टाकली. ३.४३. रंगाऱ्याची माफी मागून आलो, त्याने चहा पाजला.

---

खजिनदार_इंदूर

पिंपांचा रविवार पार पडला. अर्धी वसाहत बघायला जमली होती, एकाने तर खुर्ची आणली. दहा पिंपं, पातळी उतरली २७ सेंमी. ना धड २८, ना साडेपंचवीस. २ हजारला २७ ने भागलं तर सेंमीला ७४ लिटर. त्यावरून आतली त्रिज्या सुमारे १.५३५ आणि भिंत साडेआठ सेंमीची येते. वापरायचं पाणी १४ हजार ८०० लिटर. वॉचमन हसतोय.

ठेकेदाराला ४४० फूट सांगितले. तो म्हणाला, "झाकण अलग से जोड़ेंगे." घुमटात ते आधीच मोजलंय, हे त्याला उद्या समजावणार आहे.

---

सिव्हिलकाका

साडेआठ शक्य आहे. पण काठीवरची ओल अर्धा सेंमी इकडेतिकडे वाचली जाते, आधी आणि नंतर मिळून एक सेंमी सहज. म्हणून २६ ते २८ मधलं काहीही असू शकतं.

आणि पिंपं काठोकाठ भरली होती का खुणेपर्यंत? २०० लिटरचं पिंप काठोकाठ भरलं तर दोनशेहून जास्त घेतं. प्रत्येकी आठ लिटर जास्त गेले असतील तर भिंत थेट साडेपाच सेंमीवर येते.

---

खजिनदार_इंदूर

काठोकाठ. वरून सांडतही होती.